गुरू-गुरू नको, गुरू-चंद्र बघ

भाऊ, पत्रिका जुळवताना दोघांचे गुरू एकाच राशीत दिसले म्हणून हुरळू नको. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, त्यामुळे एका वर्गातल्या बहुतेकांचा तो सारखाच निघतो. एकाचा गुरू दुसऱ्याच्या चंद्रावर येतो का, ते बघ.

समज, धुळ्याच्या मुलाचा गुरू कर्केत 12 अंशांवर आणि जळगावच्या मुलीचा चंद्र कर्केतच 14 वर. अंतर दोनच अंश, म्हणजे योग घट्ट. पाचाच्या पुढे मी तो सैल धरतो. गुरू म्हणजे वाढ, चंद्र म्हणजे मन. म्हणून ज्योतिषी म्हणतात, मुलगा सढळ हाताने देईल, तिला शिकायला बळ देईल, तिला तो लाभेल.

पण गुरू खर्चही वाढवतो! तिथेच शनीची दृष्टी असेल तर हात आखडतो. जन्मवेळ दोन तास चुकली तर चंद्र अंशभर सरकतो, आधी ती तपास.