पहिला मेल पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,

नव्या क्लायंटला पाठवायच्या मेलचा मसुदा वाचला. भाषा नीट आहे, चुका नाहीत. तरी आज तो पाठवू नकोस. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अगदी तळाशी गेलंय: "काम सुरू करण्यासाठी आवश्यक ती माहिती व साहित्य लवकरात लवकर द्यावे, ही विनंती."

हे वाक्य मीही लिहिलं होतं. आठ पानांची वेबसाइट होती, सहा आठवड्यांची मुदत. पाचव्या आठवड्यात आमची साइट तयार होती आणि तेव्हा मी डोमेनचं लॉगिन मागितलं. ते कोणाकडेच नव्हतं. डोमेन घेतलं होतं नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाने, स्वतःच्या खासगी मेलवरून. पासवर्ड बदलायचा तर त्याची लिंकसुद्धा त्याच्याच मेलवर जाणार. त्याला शोधणं, मग डोमेन नोंदवणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीकडे मालकीची कागदपत्रं देणं, यात तीन आठवडे गेले आणि तयार साइट तशीच पडून राहिली. क्लायंट म्हणाले, "हे लागणार असं तुम्ही आधी सांगितलंच नाही." त्यांचं बरोबर होतं. "आवश्यक ती माहिती" यात काय काय येतं हे मला ठाऊक होतं. त्यांना ते कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून तुझ्या मेलमध्ये हा भाग वर आण. आपल्याला काय हवं, ते कोणत्या स्वरूपात, त्यांच्याकडून कोण देणार आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी प्रत्येक ओळीत असू देत. "लोगो पाठवा" असं लिहिलंस तर वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेलं धूसर चित्र येईल. त्याऐवजी लिही: "लोगोची मूळ फाइल (SVG किंवा AI). ज्यांनी लोगो बनवला त्यांच्याकडे ती असते." हे दुसरं वाक्य विसरू नकोस. क्लायंटला SVG म्हणजे काय हे माहीत नसेल, पण लोगो कोणी बनवला हे नक्की माहीत असतं. फोटोंचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मुख्य पानावर मोठा केला की फाटतो. फोटो सामायिक फोल्डरमध्ये टाकायला सांग आणि त्या फोल्डरची लिंक मेलमध्येच दे.

पासवर्ड मेलवर कधीच मागू नकोस. होस्टिंग, अ‍ॅनालिटिक्स, जिथे जिथे सोय असेल तिथे आपल्याला वेगळा वापरकर्ता म्हणून जोडायला सांग. काम संपलं की ते आपलं नाव काढून टाकू शकतात. डोमेनबाबत मात्र पहिल्या दिवशी पासवर्ड नको, खात्री हवी. एवढंच विचार: "डोमेनच्या खात्यात आज कोण लॉगिन करू शकतं? कृपया एकदा लॉगिन करून पाहा आणि आम्हाला कळवा." माझे तीन आठवडे या एका प्रश्नाने वाचले असते. त्यालाच जोडून विचार की त्यांचे ऑफिसचे मेल याच डोमेनवर आहेत का. असतील तर साइट हलवताना, मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे ते सांगणाऱ्या डोमेनच्या MX नोंदींना धक्का लागता कामा नये, नाहीतर साइट सुरू होईल आणि मेल बंद पडतील.

आता तारखा. तू "साइट 21 एप्रिलला सुरू होईल" असं थेट लिहिलंयस. ती तारीख ज्यावर उभी आहे ते त्यात कुठेच नाही. असं लिही:

"साहित्य आमच्याकडे सोमवार, 9 मार्चपर्यंत पूर्ण आलं, तर पहिलं डिझाइन शुक्रवार, 20 मार्चला दाखवू. त्यावरचं तुमचं म्हणणं बुधवार, 25 मार्चपर्यंत एकत्रित हवं. चाचणीसाठी साइट शुक्रवार, 10 एप्रिलला मिळेल आणि मंगळवार, 21 एप्रिलला सुरू होईल. साहित्य किंवा तुमचं म्हणणं जितके कामाचे दिवस उशिरा येईल, तितक्या दिवसांनी पुढच्या तारखा सरकतील."

शेवटचं वाक्य लिहायला तुला अवघड वाटेल, पहिल्याच मेलमध्ये बजावल्यासारखं. पण आज ते नुसता हिशेब आहे. हेच वाक्य उशीर झाल्यावर एप्रिलमध्ये लिहिलंस, तर ती तक्रार होते. त्यात क्लायंटच्याही तारखा आहेत हे बघ. वेळापत्रक दोघांचं असतं. सुरू करण्याचा दिवस मी मुद्दाम मंगळवार घेतलाय. शुक्रवारी संध्याकाळी साइट सुरू केली आणि काही बिघडलं, तर दोन्हीकडे फोन उचलायला कोणी नसतं.

व्याप्तीचा भाग तुझा चांगला आहे, फक्त करारातले परिच्छेद जसेच्या तसे उचलू नकोस. करार झालाय, मेलमध्ये त्यातलं रोज लागणारं तेवढंच हवं. आठ पानं, त्यांची नावं, डिझाइनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या. आणि यात काय नाही तेही: मजकूर लिहून देणं, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय. तुझ्या मसुद्यात मजकुराचा उल्लेखच नाही. वेबसाइटचं काम बहुतेक वेळा तिथेच अडतं, कारण क्लायंटला वाटतं मजकूर आपण लिहिणार आणि आपल्याला वाटतं तो त्यांच्याकडे तयार आहे. आठही पानांचा मजकूर 9 मार्चला येणार नाही असं दिसलं, तर मुख्य पान आणि एक आतलं पान एवढ्याचा खरा मजकूर त्या तारखेला माग, बाकी सहा पानांसाठी 27 मार्च दे. दोन पानांच्या खऱ्या मजकुरावर डिझाइन नीट होतं, खोट्या मजकुरावर केलेलं पुन्हा करावं लागतं.

संपर्काच्या यादीत तू त्यांच्याकडची पाच नावं दिलीयस. पाचही असू देत, पण "अंतिम मंजुरी" या शब्दांसमोर एकच नाव हवं, आणि ते त्यांनी ठरवायचं. तू अंदाजाने भरू नकोस. मालकांनी होकार दिला असं समजून आपण पुढे जातो आणि मग ज्यांनी एकदाही डिझाइन पाहिलेलं नाही असे भागीदार येऊन रंग बदलायला सांगतात. ती मंजुरी कोणाची ते आधी लिहिलेलं असलं की दोन फेऱ्या दोनच राहतात. आपल्याकडून तुझं नाव आणि फोन, आणि तू रजेवर असताना कोणाला विचारायचं ते एक नाव. बाकी आपल्या टीमची ओळख त्यांना आत्ता नको.

मेलचा विषयही बदल. "नमस्कार" असं लिहिलेला मेल महिन्याभराने शोधून सापडत नाही. "वेबसाइटचं काम सुरू: 9 मार्चपर्यंत आम्हाला काय हवं" असं लिही.

पाठवण्याआधी त्यांना फोन कर, यादी वाचून दाखव आणि कुठल्या ओळीवर ते अडखळतात ते ऐक. "ते बघावं लागेल" असं ज्या वस्तूबद्दल म्हणतील, ती यादीत सगळ्यात वर घे. मेलच्या शेवटी "काही शंका असल्यास कळवा" हे काढ आणि दोन नेमके प्रश्न टाक: अंतिम मंजुरी कोणाची, आणि 9 मार्च जमेल का. या दोन्हीची लेखी उत्तरं आली की मगच आपल्याकडच्या कॅलेंडरवर 21 एप्रिल लिही.

नवा मसुदा झाला की मला पाठव. मी आज संध्याकाळपर्यंत आहे.

तुझा,
दादा