घटस्फोटावर लेख लिहिताना नवऱ्याचं नाव बदललं की भागतं का?

“माझा परस्पर संमतीने घटस्फोट झालाय. आधी मी क्रूरतेच्या कारणावरून अर्ज केला होता, मग तडजोड होऊन संमतीचा अर्ज झाला. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. दोघं माझ्याकडे असतात, सुट्टीत वडिलांकडे जातात. एका दिवाळी अंकासाठी अनुभव लिहितेय, माझ्याच नावाने. त्यात एक वाक्य आहे : ‘तो रोज पिऊन यायचा, मुलांसमोर माझ्यावर हात उगारायचा, मुलीला तेव्हापासून समुपदेशकाकडे न्यावं लागलं.’ नवऱ्याचं नाव बदललं तर चालेल ना? तो म्हणतो, छापलंस तर केस करीन.”
– एक वाचक, नाशिक

ताई, नाही चालणार. लेखाच्या डोक्यावर तुमचं खरं नाव आहे. आत त्याला ‘समीर’ म्हणा नाहीतर नुसतं ‘तो’ म्हणा, नातेवाईक, त्याच्या ऑफिसातले लोक, सोसायटीवाले ओळखणारच. बदनामीच्या दाव्यात नाव छापलंच पाहिजे असं नसतं. ओळखीच्यांना माणूस कळला, एवढं पुरतं. आणि दावा झाला तर तुमच्याबरोबर संपादक-प्रकाशकही त्यात ओढले जातात.

सगळ्यात आधी कपाटातून कन्सेंट टर्म्स काढा, म्हणजे संमतीच्या घटस्फोटात तुम्ही दोघांनी सही केलेल्या तडजोडीच्या अटी. त्यात बहुतेक वेळा दोन ओळी असतात, ज्या सही करताना कुणी नीट वाचत नाही : एकमेकांवरचे आरोप मागे घेतले, आणि यापुढे एकमेकांची बदनामी करणार नाही. दुसरी ओळ तुम्ही कोर्टाला हमी म्हणून दिली असेल, तर लेख छापल्यावर प्रकरण अवमानापर्यंत जाऊ शकतं. पहिली ओळ वेगळीच अडचण करते. संमतीच्या हुकुमनाम्यात कोण चुकलं याचा निकाल नसतो. म्हणजे ‘क्रूरता कोर्टात सिद्ध झाली’ असं तुम्हाला म्हणता येत नाही, आणि जुन्या अर्जातला मजकूर पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

आता ते वाक्य. ‘रोज’ हा शब्द आधी काढा. एका साक्षीदाराने ‘अमुक आठवडाभर तो माझ्याबरोबर दौऱ्यावर होता, प्यायला नव्हता’ असं सांगितलं की तुमचं अख्खं म्हणणं डळमळतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली खरं असणं एवढ्यावरही सुटका होत नाही; ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात खरेपणा पुरतो, पण तो शाबीत तुम्हालाच करावा लागतो. एखाद्या रात्रीची पोलिसांतली नोंद किंवा डॉक्टरचा कागद असेल, तर तेवढी एकच रात्र लिहा, जशी घडली तशी, तुमच्या बाजूने काय बोललं गेलं तेही धरून. बाकी काळाबद्दल तुमच्या मनाचं लिहा : ‘संध्याकाळी लॅचचा आवाज आला की मी घाबरायचे.’ हे तुमचं आहे, त्यावर हक्क तुमचाच. ‘तो व्यसनी होता’ हे मात्र त्याच्यावरचं विधान झालं. माझं मत विचाराल तर लेखही याने चांगला होतो. वकील म्हणून हे सांगायचं माझं काम नाही, तरी सांगते.

कोर्टात जे झालं ते लेखात अजिबात घेऊ नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे हे खटले बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापायला मनाई आहे. सवलत आहे ती उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला, तीही कोर्टाच्या परवानगीने. दंड फक्त हजार रुपयांपर्यंत आहे म्हणून हसू नका, तेच कलम समोरचा वकील मुलांच्या ताब्याच्या अर्जात वापरेल. अर्ज, उलटतपासणी, मध्यस्थीतलं आणि समुपदेशकासमोरचं बोलणं, सगळं वगळा. त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आणि पत्रंही जशीच्या तशी छापू नका. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो.

मुलीचा समुपदेशक मात्र पूर्ण काढाच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये पुट्टस्वामी खटल्यात ठरवलं, आणि तो हक्क तिचाही आहे. तुम्ही आई म्हणून संमती दिलीत, तरी आठवीतल्या मुलीला वर्गात कुणी ‘तुझ्याबद्दल वाचलं’ म्हटलं तर त्या संमतीचा तिला काय उपयोग? शिवाय हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 26 खाली मुलांच्या ताब्याचा आदेश नंतरही बदलता येतो. मुलीची मानसिक तब्येत आईने छापली, हा वडिलांच्या अर्जातला पहिला मुद्दा होईल. वय, शाळा, मुलगा की मुलगी हेही नको. ‘मुलं’ एवढं पुरे. मुलांचा उल्लेख असलेला भाग मोठीला वाचायला द्या. तिने नको म्हटलेली ओळ काढून टाका.

उरलेला प्रश्न, नवऱ्याला आधी दाखवायचं का? कायद्याने बंधन नाही. दाखवलंत तर त्याने चूक दाखवली ती दुरुस्त करता येते आणि तुमचा हेतू स्वच्छ होता हे पुढे सांगता येतं. पण त्याला मनाई हुकूम मागायला वेळही मिळतो. तुमच्या बाबतीत मी त्याच्याबद्दलचे दोन-तीन परिच्छेदच ईमेलने पाठवीन, आठ दिवसांची मुदत देईन, आणि कन्सेंट टर्म्समध्ये ती दुसरी ओळ असेल तर त्याची लेखी हरकत नाही असं येईपर्यंत संपादकांना मजकूर देणार नाही. त्याने नकार दिला, तर टोपणनावाने, शहर आणि नोकरी बदलून लिहा. मात्र त्या वेषांतरातही वर सांगितलेल्या गोष्टी आत येऊ देऊ नका.