सूर्य उत्तरेला, गाड्या डावीकडे: जिओगेसर मुलांसोबत कसं खेळावं

प्रश्न: आम्ही एडमंटनला राहतो. अकरा वर्षांच्या मुलीला नकाशांचं वेड आहे. शाळेतल्या मित्रांमुळे ती जिओगेसर खेळायला लागली. गुण भराभर वाढताहेत, पण "हा देश कसा ओळखलास?" असं विचारलं की म्हणते, "खांबावरून." यातून ती भूगोल शिकतेय का?

उत्तर: थोडा शिकतेय. उरलेला शिकवणं तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी तुम्हाला तिच्या शेजारी बसावं लागेल.

ज्या पालकांना हा खेळ माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गूगलच्या गाडीने टिपलेल्या एखाद्या रस्त्यावर खेळ तुम्हाला नेऊन सोडतो. आजूबाजूला बघून आपण कुठे आहोत ते जगाच्या नकाशावर दाखवायचं. एका डावात अशी पाच ठिकाणं येतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त 5000 गुण. खूण खऱ्या जागेच्या जितकी जवळ, तितके गुण जास्त.

तुमची मुलगी म्हणते ते खांब खरेच उपयोगी असतात. मुलं अशा खुणा पाठ करतात: केनियात गूगलच्या गाडीचं वर आलेलं नळकांडं दिसतं, घानात टपावरच्या दांडीला गुंडाळलेली काळी पट्टी. गुण मिळतात, पण केनियाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून घरात एकच नियम करा: खूण करण्याआधी तिने तीन कारणं कागदावर लिहायची, आणि त्यात गाडीबद्दलचं एकही नको.

एक ठिकाण सोडवून बघू. सपाट गवताळ माळ, तांबडी माती, सरळ रस्ता. गाड्या डावीकडून चालताहेत. दुपारची वेळ, होकायंत्र बघितलं तर सावल्या दक्षिणेकडे पडल्यात, म्हणजे सूर्य उत्तरेला, म्हणजे बहुधा आपण दक्षिण गोलार्धात. या दोन गोष्टींनीच जग केवढं आक्रसतं बघा. दक्षिण अमेरिकेत डावीकडून गाडी चालवणारे देश दोनच, गयाना आणि सुरिनाम, आणि ते दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला. उरतात मुख्यतः आफ्रिकेचा दक्षिण आणि पूर्व भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंडोनेशिया. आता रस्त्याच्या कडेची रेषा बघा: पिवळी. ऑस्ट्रेलियात ती सहसा पांढरी असते. पुढे गावातल्या पाटीवर 'straat' लिहिलंय. शब्द डचसारखा, पण नेदरलँड्समध्ये असा सूर्य कुठला! ही आफ्रिकान्स, म्हणजे देश बहुधा दक्षिण आफ्रिका.

इथे खेळ थांबवा आणि विचारा, डचांची भाषा इतक्या दूर कशी आली? 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने भारताकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी आणि ताजं अन्न मिळावं म्हणून केपला ठाणं वसवलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. मग तीच विचारेल की मोझांबिक पोर्तुगिजांचं होतं, तरी तिथे गाड्या डावीकडून का? नकाशात त्याचे शेजारी दाखवा. जवळजवळ सगळे ब्रिटिशांच्या ताब्यात होते.

सूर्याची खूण मात्र उष्ण कटिबंधात फसवते, आणि हे समजवायला मुंबईइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. एडमंटनला तो कधीच येत नाही. का नाही, ते तिला टॉर्च आणि संत्रं घेऊन शोधू द्या.

दुसरी उणीव खेळाचीच आहे. गूगलची गाडी सगळीकडे पोचलेली नाही. चीनचा मुख्य भूभाग या चित्रांत जवळपास नाही, आफ्रिकेतले कित्येक देशही नाहीत. अधूनमधून तिला विचारा, "कुठला देश तुला कधीच आला नाही?" आणि तो नकाशात शोधायला लावा. मोफत खेळायला मर्यादा आहे आणि अनोळखी लोकांशी सामनेही होतात, म्हणून खातं तुमच्या नावाचं ठेवा आणि तिला एकटीचा डाव द्या.

वर्गणी भरायची नसेल तर गूगल नकाशावरचा पिवळा माणूस उचलून तुम्हीच कोडं घाला. 2022 मध्ये भारतातल्या ज्या दहा शहरांपासून ही रस्त्यावरची दृश्यं सुरू झाली, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. तिला नाशिकच्या बाजारात सोडा, पण गावाचं नाव सांगू नका. देवनागरी पाट्या दिसल्या की ती भारत किंवा नेपाळ म्हणेल. मग सांगा, 'ळ' शोध. हिंदी आणि नेपाळी पाट्यांत तो सहसा सापडत नाही. नेपाळमध्ये दुकानाला 'पसल' म्हणतात, तेही शोधू दे. आणि एखाद्या पाटीवरचा शब्द अडलाच, तर तो तुम्ही सांगू नका. आजीला फोन लावून द्या.