वॉर्डननी नोटीस लावलीय, "फ्लूची लक्षणं दिसताच विद्यार्थ्याने विलग राहावे." आम्ही एका खोलीत तिघं. विलग म्हणजे राहायचं कुठे? आणि याने खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो, पण तुमच्या नोटिशीने पडणार नाही. "विलग राहावे" एवढं लिहिलं की नोटीस लावणाऱ्याचं काम संपतं. कोणी हलायचं, कुठे जायचं, डबा कोण देणार, हजेरीचं काय, यातलं काहीच त्यात नाही. मुलांच्या हॉस्टेलवर रेक्टर म्हणून काम केलेलं असल्यामुळे या विषयावर मी जरा तिखट बोलेन.

सगळ्यात मोठा घोळ "कोणी हलायचं" यातच होतो. एकाला ताप आला की उरलेले दोघं गाद्या उचलतात आणि मित्रांच्या खोल्यांत जाऊन झोपतात. बऱ्याच ठिकाणी वॉर्डनच तसं सांगतात, कारण ते सोपं असतं. हे अगदी उलटं आहे. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू सोडत असतो. त्यामुळे त्याला कणकण जाणवली तेव्हा खोलीतल्या बाकी दोघांना जे मिळायचं ते बहुधा मिळालेलं असतं. संसर्ग झाल्यापासून लक्षणं यायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन. म्हणजे गादी घेऊन निघालेली ती दोन 'धडधाकट' मुलं दोन नव्या खोल्यांत आजार पोचवायला निघालेली असू शकतात. म्हणून नियम असा हवा: आजारी मुलगा हलेल, बाकीचे जागेवर राहतील.

एक खोली धरून चालू. सोमवारी रात्री एकाचा घसा खवखवतो, अंग मोडून येतं. मंगळवारी सकाळी ताप १०१. सबमिशन असतं म्हणून तो साडेसहाशेची पॅरासिटामॉल घेतो, तासाभरात घाम येऊन ताप उतरतो, आणि तो लेक्चरला, लॅबला, मेसच्या रांगेत जातो. गोळीने ताप उतरतो, विषाणू तिथेच असतो. पहिले तीन-चार दिवस माणूस सर्वाधिक संसर्गजन्य असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गोळीमुळे तो हिंडण्याइतपत बरा दिसतो. गुरुवारी दुसऱ्याचा घसा धरतो, शनिवारी तिसऱ्याचा. मग चर्चा सुरू होते की मेसचं पाणी खराब आहे.

आता हेच नीट केलं तर? सोमवारी रात्री घसा खवखवला तेव्हाच तो हलला पाहिजे. ताप मोजून, डॉक्टरांना दाखवून, रिपोर्ट येऊन मग हलायचं असेल तर बुधवार उजाडतो. नोटिशीत 'लक्षणं' म्हणजे काय ते साध्या शब्दांत हवं: अचानक कणकण किंवा ताप, आणि सोबत खोकला किंवा घसादुखी. नुसत्या शिंका आल्या म्हणून कोणी खोली सोडायची गरज नाही. थर्मामीटर डिजिटल, प्रत्येक मजल्यावर एक. चहा पिऊन लगेच तोंडात धरू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. तोंडात १००.४ किंवा वर म्हणजे ताप.

जायचं कुठे? बहुतेक हॉस्टेलांत पालकांसाठी एखादी गेस्ट रूम असते आणि ती वर्षभर कुलूपबंद असते. ती द्यायची. खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी आणि जवळचं एक संडास-बाथरूम त्या मुलांसाठी वेगळं ठेवलेलं हवं. एसी असलेली बंद खोली दिली तर उपकार नकोत. रात्री अकरानंतर गेस्ट रूमची किल्ली कोणाकडे असते हे नोटिशीत नाव आणि फोनसकट लिहा, कारण ताप रात्रीच चढतो.

अशी खोलीच नसेल तर आहे त्याच खोलीत करायचं, तेही जमतं. दहा बाय बाराच्या खोलीत तीन खाटा असतात. शेजारच्या दोघांची डोकी एकाच बाजूला असतील तर तोंडांत जेमतेम तीन-चार फूट अंतर राहतं. आजारी मुलाने उशी पायथ्याला नेली की तेच सहा फुटांच्या पुढे जातं, आणि त्याला पैसा लागत नाही. मग वारा बघा. दाराजवळ उदबत्ती धरा. धूर आत जाऊन खिडकीतून बाहेर पडत असेल तर आजारी मुलाची खाट खिडकीशी ठेवा. खिडकीतून वारा आत येऊन दाराकडे जात असेल तर मात्र खिडकीची खाट त्याला देऊ नका, त्याचा खोकला बाकी दोघांवरून जाईल. अशा खोलीत टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावायचा, म्हणजे वाऱ्याची दिशा बदलते आणि खिडकीशेजारी आजारी हे पुन्हा बरोबर ठरतं. वारा जोराचा असेल तर फॅन हरतो, म्हणून लावल्यावर उदबत्ती परत धरून बघा. छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो, हवा बाहेर काढत नाही. खोलीत इतर कोणी असताना आजारी मुलाने साधा तीन पदरी मास्क लावावा, ओला झाला की बदलावा. एकाच खोलीत झोपायची वेळ आली तर बाकी दोघांनी एन-९५ लावलेला बरा.

ताट-वाटी वेगळी ठेवा, पण त्याचं सोवळं करू नका. साध्या साबणाने विषाणूचं आवरण फुटतं, भांडी उकळत बसायचं कारण नाही. टॉवेल, पाण्याची बाटली आणि वाफेचं मशीन मात्र एकमेकांचं वापरू नका. कडक पृष्ठभागांवर विषाणू दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो, म्हणून नळाची तोटी, दाराची कडी आणि फॅनचं बटण दिवसातून एकदा साबणाच्या फडक्याने पुसा (फॅन बंद करून, आणि फडकं नीट पिळून). काढ्याने, वाफेने घशाला बरं वाटतं. त्याने शेजारच्याला होणारा संसर्ग थांबत नाही. डबा मात्र दारापर्यंत आला पाहिजे. मेसच्या मावशींना 'सिक डबा' म्हणून आधीच सांगून ठेवलं नसेल तर भुकेला मुलगा रात्री मेसमध्ये येणारच, आणि तुमचं विलगीकरण तिथे संपतं.

बाकीच्या दोघांना कोंडायची गरज नाही. आजारी मुलगा सोमवारी रात्री हलला असेल तर त्यांनी शुक्रवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा आणि लेक्चरला, मेसला मास्क लावून जायचं. खोली मात्र बदलायची नाही. घसा धरला की त्यांचाही तोच रस्ता.

परत कधी यायचं हे तर कोणत्याच नोटिशीत धड नसतं. "ताप उतरल्यावर" हा शब्द फसवा आहे. समजा त्या मुलाने शेवटची गोळी गुरुवारी रात्री दहाला घेतली. तिचा अंमल साधारण सहा तास. म्हणजे शुक्रवारी पहाटे चारपर्यंतचं गार कपाळ गोळीचं आहे, ते धरायचं नाही. तिथून पुढे चोवीस तास गोळी न घेता ताप आला नाही आणि बाकी त्रासही कमी होत असेल, तर शनिवारी सकाळी तो खोलीत परत येऊ शकतो. त्यानंतर पाच दिवस गर्दीत मास्क, आणि उशी तेवढे दिवस पायथ्यालाच. खोकला दोन आठवडे रेंगाळू शकतो, खोकला पूर्ण जाईपर्यंत कोणाला अडकवू नका.

आता हजेरी. मेडिकल सर्टिफिकेट आणल्याशिवाय हजेरी नाही, या एका ओळीने बाकीची अख्खी नोटीस वाया जाते. मुलगा लपवतो, गोळी खातो, वर्गात येतो. नाहीतर कागदासाठी ओपीडीच्या रांगेत तासभर खोकत उभा राहतो. केंद्राच्या आरोग्य खात्याने एच१एन१साठी रुग्णांचे तीन गट केले, त्यातल्या 'अ' गटाला, म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेल्यांना, तपासणी लागत नाही, घरीच राहून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बघा असं त्यांनीच सांगितलं. सरकार रिपोर्ट मागत नाही तिथे कॉलेजने का मागावा? रेक्टरच्या वहीतली नोंद पहिल्या तीन दिवसांसाठी पुरेशी धरावी. यावर समितीच्या बैठकीत मला ऐकवलं गेलं की मुलं गैरफायदा घेतील. घेतील ना, दोन-चार घेतील. त्यांची हजेरी वाचवून मजला वाचत असेल तर सौदा वाईट नाही.

आणि "पालकांनी पाल्यास घरी घेऊन जावे" ही दुसरी लाडकी ओळ. पुण्याहून नांदेडला एसटीने निघालेला तापाचा मुलगा रात्रभर सगळ्या गाडीला खोकला वाटत जातो, आणि घरी आजी-आजोबा असतात, ज्यांना फ्लू जड जातो. २००९ च्या ऑगस्टमध्ये भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा शाळा-कॉलेजं बंद झाली आणि बाहेरगावची किती मुलं गावाकडे पळाली हे पुण्यातल्या जुन्या लोकांना विचारा. आजारी मुलाला असं गावी पाठवू नये हे संस्थाचालकांना तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. घर चालत जाण्याइतकं किंवा स्वतःच्या गाडीने जाण्याइतकं जवळ असेल, तर जाऊ दे.

हे सगळं साध्या आजारपणासाठी. दम लागणे, छातीत दुखणे, खूप गुंगी, नखं किंवा ओठ निळसर, थुंकीत रक्त, यातलं काही दिसलं तर खोली-बिली सोडा, १०८ लावा. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तरी दवाखाना (मुलींच्या हॉस्टेलवर बोटांची नेलपॉलिश आणि गडद मेंदी आधी बघा, आकडा चुकतो). ताप उतरून दोन दिवसांनी परत चढला आणि खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वाट न बघता पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, कारण ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याने दिलेली अॅझिथ्रोमायसिन फ्लूवर काही करत नाही.

एक राहिलं. आपल्याकडे फ्लू जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या शेवटी असा दोनदा वाढतो, आणि दुसऱ्या वेळी डेंग्यूही असतो. सर्दी-खोकला अजिबात नाही, पण सणसणीत ताप आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय, तर त्याला फ्लू समजून खोलीत झोपवून ठेवू नका, रक्त तपासा. आणि तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी, म्हणजे आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन वगैरे, देऊ नका.