विषम-सम प्रश्नांवरून विश्वसनीयता: ०.६३ लिहायची की ०.७७?

प्रश्न: एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी नववीच्या विज्ञानाची ४० प्रश्नांची चाचणी तयार करून ३० मुलांना दिली. विषम आणि सम प्रश्नांच्या गुणांचा सहसंबंध ०.६३ आला. मार्गदर्शक म्हणतात ०.७७ लिहा. कोणता आकडा बरोबर? आणि पहिले २०, शेवटचे २० असे दोन भाग का करत नाहीत?

उत्तर:

तुमच्या मार्गदर्शकांचं बरोबर आहे. ०.६३ हा आकडाही चुकलेला नाही, पण तो २० प्रश्नांच्या चाचणीचा आहे. पेपरचे दोन तुकडे केल्यावर प्रत्येक तुकडा २० प्रश्नांचाच उरला आणि त्या दोन छोट्या चाचण्या एकमेकींशी किती जुळतात, एवढंच तुम्ही मोजलंत. मुलांनी मात्र ४० प्रश्न सोडवले. प्रश्न वाढले की विश्वसनीयता वाढते, म्हणून अर्ध्याचा आकडा पूर्ण चाचणीसाठी वाढवून घ्यावा लागतो. त्याचं सूत्र स्पिअरमन आणि ब्राउन या दोघांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे:

```
R = 2r / (1 + r) = 2(0.63) / 1.63 = 0.77
```

हे सूत्र पाठ करून वापरणारे पुष्कळ, पण आकडा का वाढतो ते उदाहरणावरून लगेच कळतं. हाताने करता यावं म्हणून आठच मुलं घेते, आणि आकडे तुमच्या उत्तराशी जुळतील असे निवडते.

विषम: १८, १६, १५, १४, १२, ११, १०, ८
सम: १३, १७, १०, १५, १४, ११, ७, ९

विषमचं मध्यमान १३, समचं १२. मध्यमानांत एका गुणाचा फरक आहे, त्याने सहसंबंधाचं काही बिघडत नाही. मध्यमानापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे ७८ येते आणि विचलनांच्या गुणाकारांची बेरीज ४९. म्हणून r = ४९ ÷ ७८ = ०.६३.

आता प्रत्येक मुलाच्या विषम गुणांतून सम गुण वजा करा: ५, –१, ५, –१, –२, ०, ३, –१. या स्तंभाकडे नीट बघा. मुलाला विज्ञान जितकं येतं ते दोन्ही तुकड्यांत सारखंच आहे, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. उरतो तो फक्त योगायोग: एखादा प्रश्न अंदाजाने बरोबर आला, एखादा घाईत चुकला. पहिल्या मुलाला एकीकडे १८ आणि दुसरीकडे १३, म्हणजे त्याच्या बाबतीत हा भाग मोठा आहे. सहाव्याला दोन्हीकडे ११.

या फरकांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ५८ येते, एकूण गुणांची (विषम + सम) २५४. ५८ ÷ २५४ = ०.२३. म्हणजे एकूण गुणांत मुलामुलांमध्ये जो चढउतार दिसतो, त्यातला २३ टक्के योगायोगाचा. राहिले ०.७७. सूत्राने आलं तेच उत्तर! दोन तुकड्यांची बेरीज करताना ज्ञानाचा भाग एकाच दिशेने साठत जातो, चुका मात्र काही अंशी एकमेकींना खोडतात. म्हणून ४० प्रश्नांचे गुण २० प्रश्नांच्या गुणांपेक्षा जास्त भरवशाचे.

वजाबाकीची ही रीत रुलॉन यांनी १९३९ मध्ये दिली. मला ती जास्त आवडते, कारण स्पिअरमन-ब्राउन सूत्र दोन्ही तुकड्यांचं प्रमाण विचलन सारखं आहे असं धरून चालतं. इथे ते मुद्दाम सारखं ठेवलंय, तुमच्या माहितीत नसेल तर दोन उत्तरं वेगळी येतील. फार वेगळी आली तर रुलॉनचं लिहा. एक्सेलमध्ये B ला विषम, C ला सम, D ला बेरीज, E ला वजाबाकी ठेवलीत तर पहिल्या ओळीने r मिळतो, तो वरच्या सूत्रात घाला; दुसऱ्या ओळीने थेट रुलॉनचं उत्तर मिळतं:

```
=CORREL(B2:B31,C2:C31)
=1-VAR.S(E2:E31)/VAR.S(D2:D31)
```

एक चूक मी प्रबंधांत वारंवार बघते: विषम गुणांचा सहसंबंध समशी न लावता एकूण गुणांशी लावलेला असतो. वरच्या आठ मुलांत तसं केलं तर ०.९० येतं. दिसायला छान, पण एकूणात विषम गुण आधीच मिसळलेले आहेत, त्यामुळे ती संख्या विश्वसनीयता सांगतच नाही.

पहिले २० आणि शेवटचे २० असे भाग का करत नाहीत? बहुतेक पेपरांत सोपे प्रश्न आधी आणि अवघड नंतर असतात. शिवाय शेवटाकडे मुलं थकलेली असतात, काहींचे प्रश्न राहूनच जातात. मग ते दोन तुकडे एकसारख्या चाचण्या राहत नाहीत आणि सहसंबंध विनाकारण खाली येतो. एक सोडून एक प्रश्न घेतला की काठिण्य, थकवा आणि घटक दोन्हीकडे जवळपास सारखे वाटले जातात.

पण याच वाटपाचा उलटा तोटाही होतो, आणि तुम्ही तो जरूर तपासा. एकाच आकृतीवर किंवा उताऱ्यावर लागोपाठ चार प्रश्न असतील, तर दोन विषमात जातात, दोन समात. ज्याला ती आकृतीच कळली नाही त्याचे दोन्हीकडचे गुण एकदम जातात. दोन तुकडे जुळताना दिसतात, पण जुळण्याचं कारण ती एक आकृती असते आणि विश्वसनीयता फुगते. उपाय सोपा आहे: अशा प्रश्नांचा गट अख्खा एकाच तुकड्यात टाका, दुसरा गट दुसऱ्या तुकड्यात, आणि पुन्हा काढा. उत्तर बरंच खाली आलं तर आधीचा आकडा फुगलेला होता.

वेळेचंही तसंच. वेळ अपुरा पडला असेल तर २८ व्या प्रश्नापर्यंत पोचलेल्या मुलाचे २९ ते ४० दोन्हीकडे सहा-सहा कोरे राहतात. हे सहा-सहा शून्यांचं साम्य वेगामुळे आलेलं असतं. उत्तरपत्रिकांमध्ये शेवटचे पाच-सहा प्रश्न किती मुलांनी कोरे सोडलेत ते मोजा. दोघा-चौघांचेच राहिले असतील तर चिंता नको. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे राहिले असतील तर विषम-सम पद्धत वापरूच नका, दोन तुकडे वेगळी वेळ लावून घ्या किंवा काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा द्या.

आणि ३० मुलांबद्दल. एवढ्या लहान नमुन्यावर ०.६३ आला, तर मोठ्या गटातला खरा सहसंबंध ९५ टक्के विश्वासाने साधारण ०.३५ ते ०.८१ या दरम्यान कुठेही असू शकतो. पूर्ण चाचणीसाठी वाढवल्यावर हीच सीमा ०.५२ ते ०.८९ होते. जमलं तर नववीच्या आणखी दोन वर्गांतल्या मुलांना चाचणी द्या. नाही जमलं तर प्रबंधात ०.७७ एकटा लिहू नका: प्रश्नसंख्या, मुलांची संख्या, विषम-सम विभागणी, सुधारणेआधीचा ०.६३, वापरलेलं सूत्र आणि ही सीमा, सगळं एकाच परिच्छेदात द्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.