घसा खूप दुखतोय. मागच्या वेळच्या ४ अ‍ॅमॉक्सिसिलिन उरल्या आहेत. घेऊ का?

नका घेऊ. मी डॉक्टर नाही, पण हाच उद्योग करून बसलेली आहे.

गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, टॉन्सिलवर पांढरट थर, अंगात ताप. दादाच्या ड्रॉवरमध्ये दाढेच्या वेळच्या ५ कॅप्सूल पडून होत्या. "घे, दोन दिवसांत खडखडीत होशील." घेतल्या. घसा तसाच राहिला, आणि कॅप्सूल संपून चार दिवस झाल्यावर छातीवर लाल पुरळ उठलं, ते बघता बघता हातापायांवर पसरलं. डॉक्टरांनी मानेच्या मागच्या गाठी चाचपल्या, रक्त तपासलं. निघाला एपस्टाइन-बार विषाणू. त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन पोटात गेलं तर असं पुरळ येऊ शकतं, आणि ती बहुतेकदा खरी अ‍ॅलर्जी नसते. पण घरचे आजही मला 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जीवाली' म्हणतात.

दादाचं पालुपद ठरलेलं: "मला तर गुण येतो." अरे, तू गोळी घेतोस चौथ्या दिवशी! बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि आठवड्याभरात आपले आपण बरे होतात. श्रेय गोळीला. अँटिबायोटिकने दुखणं सरासरी फार तर १६ तास आधी थांबतं.

त्याचा दुसरा मुद्दा, "चार गोळ्यांनी कसला रेझिस्टन्स येतोय?" गंमत म्हणजे घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस अजूनही पेनिसिलिनने मरतोच. फटका बसतो तो बाकीच्यांना. गोळी घशापुरती थांबत नाही, आतड्यातही पोचते. तिथले साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे ई. कोलाय उरतात, मोकळ्या जागेत वाढतात आणि शेजारच्या जंतूंनाही औषध न जुमानण्याची जनुकं देतात. हे काही महिने, कधी वर्षभर टिकतं. मध्येच लघवीचा संसर्ग झाला तर नेमकं तेच औषध लागू पडत नाही.

आता तुमचा घसा. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर बहुधा विषाणूच. पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आराम. खोकला नाही, पण ३८ अंशांवर ताप, टॉन्सिलवर पू आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील तर घशाचा स्वॅब करून घ्या. (माझ्या घशाकडे नुसतं बघून स्ट्रेपच वाटला असता, म्हणून तपासणी.) स्ट्रेप निघालाच तर पेनिसिलिनचा कोर्स बहुधा १० दिवसांचा असतो, त्यात तुमच्या ४ गोळ्या कुठे पुरणार?

हो, एक राहिलं. थुंकीही गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, एकाच बाजूला सूज असेल किंवा श्वास अडकत असेल तर हे वाचत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि दादा, वाचत असशील तर तो ड्रॉवर रिकामा कर.