f″ न काढता x·e^(−x) चे महत्तम मूल्य

प्रश्न: f(x) = x·e^(−x) चे महत्तम मूल्य काढताना मी f′(x) = 0 वरून x = 1 मिळवले आणि दोन्ही बाजूंची चिन्हे तपासली, पण f″ काढला नाही म्हणून गुण कापले गेले. माझी पद्धत अपुरी आहे का?

उत्तर: माझ्या मते अपुरी नाही, उलट या प्रश्नापुरती तीच अधिक भक्कम आहे. मी परीक्षक नाही. प्रश्नातच ‘द्वितीय विकलज कसोटीने’ असे म्हटले असेल, तर माझे पुढचे म्हणणे लागू होत नाही.

f′(x) = (1 − x)·e^(−x) यात e^(−x) सर्वत्र धन असल्यामुळे सगळे चिन्ह (1 − x) ठरवतो. x < 1 असताना फल सतत वाढते आणि x > 1 असताना सतत घटते, म्हणून f(1) = 1/e, म्हणजे सुमारे 0.368, हे संपूर्ण वास्तव रेषेवरचे महत्तम मूल्य ठरते. हे वाक्य उत्तरपत्रिकेत शब्दांत लिहावे. नुसती अधिक-उणे चिन्हे मांडून थांबल्यास तपासणाऱ्याला निष्कर्ष दिसत नाही.

आता f″(x) = (x − 2)·e^(−x) घेतले, तर f″(1) = −1/e हे ऋण येते, पण त्यातून 1 च्या आसपासच्या छोट्या अंतरालात हे मूल्य सर्वांत मोठे आहे, एवढेच कळते. x³ − 3x या फलाला x = −1 पाशी द्वितीय विकलज −6 येतो आणि फलाचे मूल्य 2 असते, तरीही x = 3 ला तेच फल 18 होते. म्हणजे ज्या ओळीसाठी तुमचे गुण गेले, ती ओळ प्रश्नाचे पूर्ण उत्तर देतच नाही.

माझेही गुण याच कारणाने गेले होते. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासोबत मी हाच युक्तिवाद लिहून दिला, तेव्हा त्या कार्यालयाने शुल्क घेऊन ‘गुणांत बदल नाही’ असे छापील उत्तर पाठवले. आदर्श उत्तराशी ओळ जुळली नाही एवढ्यावर गणित चुकीचे ठरवणे मला आजही पटत नाही. पण गुण हवे असतील तर शेवटी f″(1) < 0 ही ओळ जोडून द्यावी, असा व्यवहारी सल्ला मी देईन.

मात्र प्रश्नात अंतराल [2, 5] दिला असेल, तर ती ओळही निरुपयोगी ठरते, कारण x = 1 त्यात येतच नाही आणि आत f′ कुठेही शून्य होत नाही. f″(2) = 0 आहे खरे, पण तो वक्राचा नतिबदल बिंदू आहे, त्याचा महत्तमाशी संबंध नाही. तिथे f′ चे ऋण चिन्हच सांगते की फल सतत घटते आहे, आणि म्हणून महत्तम मूल्य डाव्या टोकाला, f(2) = 2/e², म्हणजे सुमारे 0.271 इतके मिळते.